खुलासा : बाळाच्या फॉर्म्युला दुधात आधी पाणी की आधी पावडर?

‘डब्यावरच्या फोटोत 90 मिली लिहिलंय, म्हणजे तीन चमचे पावडर टाकून 90 च्या खुणेपर्यंत पाणी भरायचं ना? आमच्याकडे सगळे तसंच करतात.’

नाही. सिडकोतल्या शेजारणीने पाठवलेल्या त्या फोटोतील इंग्रजी सूचनेत 90 मिली हे माप केवळ पाण्याचे आहे. ते आधी मोजायचे आणि मग डब्यातल्याच चमच्याने, 30 मिलीस एक या तिथल्या प्रमाणानुसार, तीन चमचे पावडर घालायची. पावडरही जागा व्यापत असल्यामुळे तयार दूध साधारण 100 मिली होते. उलट क्रमाने केल्यास पाणी जेमतेम 80 मिली पडते, दूध सुमारे दहा टक्के घट्ट होते आणि बाळाला बद्धकोष्ठ किंवा शरीरातील पाणी कमी होण्याचा धोका संभवतो. या सूचनेचे मराठी करताना ‘सपाट चमचा’ ऐवजी ‘चमचा भरून’ लिहिले, तर हीच चूक आणखी वाढते. शीग सुरीच्या पाठीने उतरवायची, पावडर दाबायची नाही.

उकळलेले पाणी कोमट करून पावडर घालण्याची सवयही तपासायला हवी. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान 70 अंश सेल्सिअसचे पाणी सांगते. बाटली नंतर नळाखाली गार करून मनगटावर थेंब टाकून पाहावा. काही डब्यांवर मात्र कोमट पाणीच छापलेले असते. अनुवादात तेच ठेवावे, आकडा बदलू नये, आणि बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास बालरोगतज्ज्ञांना विचारावे. उष्टे दूध लगेच ओतून द्यावे.