ओलावा मीटर दुकानात आणण्याआधी एवढं वाचा
(पिनवाल्या लाकूड-मीटरच्या ग्राहकांसाठी)

एप्रिल लागला की आमच्या काउंटरवर मीटर परत यायला लागतात. तक्रार एकच असते, मीटर तपासायच्या ठोकळ्याबद्दल: "ठोकळा बारा म्हणतो अन् मीटर दहाच दाखवतंय, जरा वाढवून द्या." दहातले आठ मीटर चांगले निघतात. बिघाड असतो तो मीटर ठोकळ्यावर कसा तपासला यात. त्यात तुमचा एसटीचा एक दिवस जातो आणि आमचा अर्धा तास, म्हणून हे लिहून ठेवलं.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. परभणीकडचे एक चौकटीवाले मिस्त्री आले. वखारीतून सागाच्या फळ्या उतरवून घेतल्या होत्या, पत्र्याच्या शेडमध्ये लाकूड ४२ अंशांवर होतं. माणूस जाणता, त्यांनी मीटरमध्ये जात 'साग' लावली, तापमान ४२ लावलं आणि आकडा आला १३.९. इथपर्यंत सगळं बरोबर. मग खात्री करावी म्हणून त्यांनी मीटरच्या पिना त्याच सेटिंगवर ठोकळ्याला लावल्या. ठोकळ्यावर १२ लिहिलेलं, मीटरवर जेमतेम १०. मीटर दोनने कमी दाखवतो असं धरून त्यांनी प्रत्येक फळीच्या आकड्यात दोन मिळवले आणि जवळपास १६ टक्के म्हणून माल बाजूला टाकला. वखारवाल्याशी वाद झाला तो वेगळाच.

आम्ही त्याच फळीतला तुकडा कापून भट्टीत वाळवला. आधी वजन ९३ ग्रॅम, पूर्ण सुकल्यावर ८२ ग्रॅम. गेलेलं पाणी ११ ग्रॅम, त्याला सुक्या वजनाने भागलं की १३.४ टक्के. म्हणजे मीटरचा १३.९ हाच आकडा खरा होता. चूक झाली ती दोन मिळवण्यात.

असं का झालं? पिनवाला मीटर पाणी मोजत नाही. दोन पिनांमधून वीज किती अडते ते मोजतो आणि त्यावरून ओलावा सांगतो. वीज किती अडली म्हणजे किती ओलावा, हे कोष्टक बहुतेक मीटरमध्ये अमेरिकेतल्या डग्लस फर या झाडाच्या लाकडावरून, सुमारे २० अंश तापमानाला बसवलेलं असतं. त्या लाकडात १२ टक्के ओलावा असताना अडथळा साधारण १२० मेगाओहम असतो. लाकूड तापलं की तोच ओलावा असूनही वीज सहज वाहते आणि मीटर जास्त आकडा दाखवतो. बारा-पंधरा टक्क्यांच्या आसपास ढोबळ हिशेब असा की दर १० अंशांना सुमारे एक टक्का. म्हणून ४२ अंशांच्या सागाचा आकडा मीटर दोन-सव्वादोनने खाली आणतो, आणि ते योग्यच आहे.

पण ठोकळा लाकूड नाही. त्याच्या आत नेमक्या अडथळ्याचा रेझिस्टर बसवलेला असतो. त्याला जात नाही, आणि शेडमधल्या उन्हाने त्याचा आकडा लाकडासारखा बदलत नाही. तरी मीटर त्याला ४२ अंशांचा साग समजतो आणि त्याच्याही आकड्यातून दोन वजा करतो. मीटरने तुम्ही सांगितलं तेच केलं.

म्हणून ठोकळा लावण्याआधी जात मूळ सेटिंगवर आणा (काही मीटरमध्ये तिथे डग्लस फर असं लिहिलेलं असतं) आणि तापमान २० वर. मग पिना ठोकळ्याच्या दोन्ही बटणांवर नीट टेकवा. आकडा तुमच्या पुस्तिकेत दिलेल्या फरकात बसला की मीटरचं आतलं काम ठीक. तपासणी झाल्यावर जात आणि तापमान परत लावायला विसरू नका. हे विसरणारेही आमच्याकडे येतात, फक्त त्यांची तक्रार उलटी असते.

मूळ सेटिंगवरही आकडा चुकला तर आधी बॅटरी बदला आणि ठोकळा कोरड्या फडक्याने पुसा. एवढ्या मोठ्या अडथळ्यापुढे घामाच्या बोटांचा डागसुद्धा विजेला आडवाट करून देतो आणि आकडा चढतो. पावसाळ्यात हे जास्त होतं. तरीही आकडा जुळला नाही, तर मीटर आणा, नक्की पाहू.

ठोकळा फक्त मीटरच्या आतलं तपासतो. फळीत पिना किती खोल गेल्या, जात बरोबर लावली का, हे त्याला कळत नाही.

तापमान लावायचं ते लाकडाचं, हवेचं नाही. उन्हातून आलेल्या ट्रकमधली फळी आणि सावलीतली फळी यांत दहा-बारा अंशांचा फरक सहज असतो. सोपा उपाय म्हणजे माल आदल्या दिवशी सावलीत पसरून ठेवा आणि सकाळी शेडचं तापमान लावा. डिसेंबरात हेच उलटं होतं. परभणीच्या थंडीत पहाटे १० अंशांच्या लाकडाला मीटर २० समजला तर आकडा टक्काभर कमी येतो आणि ओलं लाकूड सुकं म्हणून खपून जातं. मेमधल्या चुकीने नुसता वाद होतो, डिसेंबरातल्या चुकीने दारं अडकतात.

जुन्या मीटरमध्ये तापमान लावायची सोय नाही. तिथे मूळ सेटिंगवर वाचन घ्या, आधी तापमानाची दुरुस्ती करा आणि नंतर जातीच्या तक्त्यातली, कारण तक्ता २० अंशांसाठी असतो. मात्र मीटरमध्ये जात लावलेली असेल तर तक्त्यातून पुन्हा वजाबाकी करू नका.

जातीबाबत एक अडचण खरी आहे. साग तक्त्यात सापडतो, बाभूळ आणि कडुलिंब बहुतेक तक्त्यांत नाहीत. तिथे रंगाने जवळचं दिसणारं नाव लावून काही साधत नाही. मूळ सेटिंगवर वाचन घ्या, तापमानाची दुरुस्ती करा आणि त्याच जागचे चार-पाच तुकडे आमच्याकडे आणा. फळीच्या टोकापासून फूटभर आतला, इंचभर रुंदीचा आडवा काप हवा. कापल्याबरोबर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, नाहीतर वाटेतच सुकेल. भट्टीत १०३ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवतो, त्यामुळे निकाल सहसा दुसऱ्या दिवशी. मीटर आणि भट्टी यांतला फरक लिहून देतो, तो त्या मालाला वापरायचा. याचे पैसे घेतो, कारण भट्टी रात्रभर चालते. ठोकळ्यावरची तपासणी मात्र फुकट, मीटर दुसरीकडून घेतलेला असला तरी.

"आतला स्क्रू फिरवून दोनने वाढवून द्या" ही मागणी आम्ही मान्य करत नाही. काही ग्राहक रागावतात. पण मेमध्ये दोनने वाढवलेला मीटर डिसेंबरात कोणाच्या चौकटी बिघडवेल ते आम्ही पाहिलेलं आहे.

सात टक्क्यांखालचा आणि तीसवरचा आकडा अंदाज म्हणूनच धरा. पिना लाकडाच्या रेषांच्या दिशेने ठोका, आडव्या नाही. वाकलेल्या पिना सरळ करत बसू नका, जोडी बदला, काउंटरवर मिळते.

येताना मीटरबरोबर ठोकळाही आणा, आणि घरी ठोकळ्यावर तपासणी केली असली तरी मीटर तुमच्या नेहमीच्या सेटिंगवरच आणा. ते जसं आहे तसं पाहिलं की निम्मं निदान तिथेच होतं.