सही आपली, आठवण नाही

पहाटेचे साडेतीन. दोनचा डोस राहिला असं वाटून सुनंदा सिस्टरने इंजेक्शन भरलं आणि चार्ट उघडला. दोनच्या रकान्यात तिचीच सही होती. डोस दिल्याचं मात्र काही केल्या आठवेना. महिन्यातली ही तिसरी वेळ.

सिस्टर काल्पनिक आहे, पण ‘विसरायला लागलं म्हणजे डिमेन्शियाच’ ही भीती खरी आहे. त्या भीतीपोटी लोक स्मरणशक्तीची सिरपं पितात, तपासणी मात्र टाळतात. म्हणून ही गोष्ट.

ड्यूटी संपवून सुनंदा थेट मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेली. त्यांनी तिला परत पाठवलं. “सिस्टर, रात्रभर जागून आलात. आज चाचणी घेतली तर जागरणच मोजलं जाईल. दोन-तीन रात्री नीट झोपा, मग या.”

नंतर झालेली चाचणी ‘मोका’ या नावाने ओळखली जाते. एकूण गुण 30. साधारणपणे 26 किंवा जास्त असतील तर ठीक मानतात. त्यात पाच शब्द ऐकवून पाचेक मिनिटांनी पुन्हा विचारतात. समजा शब्द होते हातोडा, पोपट, चांदी, गुडघा, पिवळा. सुनंदाला दोनच आठवले.

माझ्या मते चाचणीतला सगळ्यात बोलका भाग इथून सुरू होतो. डॉक्टर म्हणाले, “एक पक्षी होता.” ती लगेच म्हणाली, “पोपट!” “एक धातू?” “चांदी.” गुडघा मात्र तीन पर्यायांतूनच ओळखता आला. अशा मदतीने आलेल्या उत्तरांना गुण नसतात, पण निदानाला त्यांचा फार उपयोग होतो. शब्द मेंदूत साठलाच नसेल तर इशारा देऊनही तो येत नाही. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झाल्याने बहुधा असंच होतं. साठलेला शब्द हाताशी येत नसेल, तर इशारा त्याला वर काढतो. अपुरी झोप, नैराश्य, विस्कळीत लक्ष यांत हे चित्र जास्त दिसतं.

मग दोनच्या डोसचं काय? सही करताना शेजारची बेल वाजली असेल, लक्ष तिकडे गेलं असेल. जे नीट टिपलंच गेलं नाही, त्याला ‘विसरणं’ तरी कसं म्हणायचं?

उरलेले दोन गुण गेले तेही लक्ष एकाग्र ठेवण्याच्या प्रश्नांत. एकूण 25. डॉक्टरांनी या आकड्यावर निदान केलं नाही. इशाऱ्याने शब्द आले म्हणून अल्झायमर नाहीच, असंही ते म्हणाले नाहीत; सुरुवातीच्या टप्प्यात ही सीमारेषा पुसट असते. त्यांनी बी-12 आणि थायरॉइडची रक्ततपासणी लिहून दिली, झोपेत घोरता का हे विचारलं आणि रोजच्या झोपेची नोंद ठेवायला सांगितली.

सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी, तीही वेगळ्या शब्दांची. कारण ‘पोपट’ आता तिला पाठ झाला होता.