नेस्टेड एचटीएमएल यादीचे मार्कडाउनमध्ये रूपांतर

वेबपानावरून कॉपी केलेली, पोटयाद्या असलेली यादी मार्कडाउनच्या इंडेंट केलेल्या यादीत उतरवण्याची प्रक्रिया. एचटीएमएलमध्ये कोण कोणाच्या पोटात आहे हे टॅग सांगतात. मार्कडाउनमध्ये ते फक्त ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ठरते. रूपांतराची सगळी अडचण या फरकात आहे.

कॉपी करताना ब्राउझर सहसा क्लिपबोर्डवर साधा मजकूर आणि एचटीएमएल अशी दोन्ही रूपे ठेवतो. साध्या मजकुरात पातळ्या नीट टिकतीलच असे नाही, म्हणून एचटीएमएल रूपच घ्यावे. उदाहरणार्थ:

```html
<ol>
  <li>पुणे
    <ul><li>सिंहगड</li><li>राजगड</li></ul>
  </li>
  <li>सातारा
    <ul><li>प्रतापगड</li></ul>
  </li>
</ol>
```

याचे मार्कडाउन:

```markdown
1. पुणे
   - सिंहगड
   - राजगड
2. सातारा
   - प्रतापगड
```

किल्ल्यांपुढे तीन स्पेस आहेत, कारण मार्कडाउनचे प्रमाणित रूप असलेल्या कॉमनमार्कच्या नियमानुसार पोटयादी किमान वरच्या ओळीतला मजकूर जिथे सुरू होतो तिथून सुरू व्हावी लागते. `- ` दोन जागा घेते, `1. ` तीन आणि `10. ` चार. म्हणून प्रत्येक पातळीला ठरावीक दोन स्पेस देणारी स्क्रिप्ट बुलेटच्या यादीत बिनचूक चालते, पण आकड्यांच्या यादीत फसते.

ही चूक सहज डोळ्यांत भरत नाही. वर दोनच स्पेस दिल्या, तर सिंहगड पुण्याच्या पोटातून बाहेर पडून स्वतंत्र यादी होते. पुढे `2.` ने सुरू होणारी तिसरीच यादी बनते, आणि तिचा आकडा दोनच राहत असल्याने सारे ठीक भासते. खूण एवढीच, की बुलेट आकड्याच्या आत सरकलेल्या नसतात. खात्री हवी तर तयार झालेल्या पानाच्या सोर्समध्ये `<ol start="2">` शोधावे. तीन स्पेस देणाऱ्याची हीच गत दहाव्या ओळीला होते.

यावर व्यवहारी तोड म्हणजे सरसकट चार स्पेस. नव्याण्णवपर्यंतच्या आकड्यांना त्या पुरतात, शिवाय चारच मागणाऱ्या पायथन-मार्कडाउनसारख्या जुन्या वळणाच्या प्रणालींतही चालतात. नेमकेपणा हवा असल्यास सर्व पूर्वज ओळींच्या चिन्हांची रुंदी बेरजेत धरावी.

मूळ एचटीएमएलच सदोष असेल तर गोष्ट वेगळी. पोटयादी `<li>` च्या आत असायला हवी. पण काही एडिटर प्रोग्रॅम ती `</li>` नंतर, थेट बाहेरच्या `<ul>` मध्ये ठेवतात:

```html
<ul>
  <li>पुणे</li>
  <ul><li>सिंहगड</li></ul>
</ul>
```

ब्राउझर हे आत सरकवूनच दाखवतो, त्यामुळे पान पाहून दोष कळत नाही. यादीच्या थेट आतले `<li>` तेवढेच वाचणारी स्क्रिप्ट मात्र सिंहगड गाळून टाकते. अशी सुटी पोटयादी आधीच्या `<li>` मध्ये हलवून मगच रूपांतर करावे.