८०० मिलीवॅट की ८ डीबीआय?

मित्राच्या ड्रोनवरचा व्हिडिओ किलोमीटरभर गेला की मुंग्या दिसायला लागायच्या. त्याने ठरवलं की २०० मिलीवॅटचा ट्रान्समीटर काढून ८०० चा बसवायचा. मी म्हटलं, अरे, त्याच खर्चात जमिनीवरचा अँटेना बदल. तो म्हणाला, "शेवटी डेसिबल ते डेसिबल, कुठून का येईनात." हिशेबाच्या कागदावर त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि घोळ नेमका तिथेच होतो.

आधी तो कागद पाहू. लिंक बजेट म्हणजे घरखर्चाच्या वहीसारखी बेरीज-वजाबाकी. ट्रान्समीटरची पॉवर डीबीएममध्ये, म्हणजे १ मिलीवॅटच्या तुलनेतल्या डेसिबलमध्ये घ्यायची, दोन्ही टोकांच्या अँटेनांचा गेन, म्हणजे सिग्नल एका दिशेला गोळा करण्याची ताकद, डीबीआयमध्ये मिळवायचा, वायर आणि कनेक्टरमधलं नुकसान वजा करायचं, मग हवेतलं नुकसान वजा करायचं. उरेल तो रिसीव्हरला मिळणारा सिग्नल. हवेतल्या नुकसानाचं सूत्र असं:

```
FSPL(dB) = 32.44 + 20*log10(d_km) + 20*log10(f_MHz)
```

५८०० मेगाहर्ट्झवर १ किलोमीटरला हे १०७.७ डेसिबल भरतं. मित्राचा ट्रान्समीटर २०० मिलीवॅटचा, म्हणजे २३ डीबीएम. दोन्हीकडे साधे १.५ डीबीआयचे अँटेना. वायरचं १ डेसिबल धरलं:

```
23 + 1.5 + 1.5 - 1 - 107.7 = -82.7 dBm
```

अ‍ॅनालॉग रिसीव्हर उणे ९० च्या आसपास हात टेकतो असं धरू. म्हणजे किलोमीटरवर हातात उरतात जेमतेम ७ डेसिबल. ड्रोन कलला, अँटेनाचं टोक तुमच्याकडे वळलं, मध्ये एखादं झाड आलं की हे ७ केव्हाच संपतात. मी निदान १० राखून ठेवतो. ते राखायचे तर या संचाची भरवशाची पल्ल्याची हद्द १ किलोमीटर नव्हे, ७०० मीटर. मित्राच्या मुंग्यांचं गणित इथेच सुटलं.

आता २०० चे ८०० मिलीवॅट केले की पॉवर चौपट, म्हणजे ६ डेसिबल जास्त. ६ डेसिबलला अंतर दुप्पट होतं, म्हणून ७०० चे १४०० मीटर. तेच जमिनीवरचा १.५ डीबीआयचा अँटेना काढून ८ डीबीआयचा पॅच, म्हणजे एकाच बाजूला पाहणारा चपटा अँटेना, लावला तर ६.५ डेसिबल जास्त, म्हणजे साधारण १५०० मीटर. वहीत दोन्ही ओळी सारख्याच. मग वाद कशाचा?

पॉवर वाढवली की ऊर्जा खरोखरच वाढते. ती बॅटरीतून येते आणि बरीचशी उष्णता होऊन जाते. टेबलावर पंखा न लावता ८०० मिलीवॅटचा ट्रान्समीटर चालू ठेवून पाहा, बोट लावणं मुश्किल होतं. अँटेना मात्र नवी ऊर्जा काढत नाही. टॉर्चची काच फिरवून झोत आवळावा तसं तो आहे तेवढंच एका बाजूला गोळा करतो. ८ डीबीआयच्या पॅचचा झोत साधारण ७० अंशांचा असतो. मधल्या रेषेपासून ३५ अंश बाजूला गेलात की ३ डेसिबल गेले. आणि ड्रोन तुमच्या डोक्यावरून मागे गेला तर? पॅचच्या पाठीकडे समोरच्यापेक्षा १८ डेसिबल कमी धरा. तिकडे तोच १५०० मीटरचा पल्ला २०० मीटरच्या आत येतो. नेहमीच्या अँटेनाने त्या बाजूला ७०० दिले असते. म्हणून चौफेर उडणाऱ्याला पॅच एकटा पुरत नाही. दोन रिसीव्हर ठेवून एकावर पॅच आणि दुसऱ्यावर साधा अँटेना लावतात ते त्यासाठीच. आणि ड्रोनवर जास्त गेनचा अँटेना लावूच नये. तो सतत कलत, फिरत असतो, झोत धरून बसणार कोण?

इथवर वाटेल की पॉवर बरी. व्हिडिओपुरतं ते थोडंफार खरंही आहे, कारण व्हिडिओ एकाच दिशेने येतो. टेलिमेट्रीकडे वळलं की चित्र पालटतं, कारण तिथे बोलणं दुतर्फा असतं. जमिनीवरून आज्ञा वर जातात, बॅटरी आणि जीपीएसचे आकडे खाली येतात. ८६६ मेगाहर्ट्झचा सिक, म्हणजे टेलिमेट्रीचा नेहमीचा छोटा रेडिओ घ्या, दोन्हीकडे १०० मिलीवॅट, म्हणजे २० डीबीएम. समजा जमिनीवरचा रेडिओ १ वॅटचा केला. आज्ञा आता १० डेसिबल जोरात पोहोचतात, पण ड्रोनचा आवाज होता तसाच. तुम्ही ओरडताय, समोरचा कुजबुजतोय. स्क्रीनवरचे आकडे मात्र आधीच्याच अंतरावर गोठतात. अँटेना बोलतानाही आणि ऐकतानाही तेवढाच कामी येतो, म्हणून जमिनीवर ६ डेसिबल जास्त गेन लावला की दोन्ही दिशा एकदम सुधारतात.

हे डोळ्यांनी पाहता येतं. मिशन प्लॅनर या जमिनीवरच्या ड्रोन-प्रोग्राममध्ये `rssi`, `remrssi`, `noise`, `remnoise` असे चार आकडे मिळतात. पहिला जमिनीवरचा रेडिओ काय ऐकतो ते सांगतो, `rem` वाला ड्रोनवरचा. हे सरळ डीबीएम नसतात, रूपांतर असं:

```
dBm = rssi/1.9 - 127
```

म्हणजे १ डेसिबलला जवळपास २ आकडे. मघाच्या १ वॅटच्या उद्योगात `remrssi` ८० वरून ९९ होईल आणि `rssi` ८० लाच बसून राहील. पॅच किंवा यागी, म्हणजे जुन्या टीव्हीसारखा दांड्यांचा अँटेना, लावून ६ डेसिबल मिळवलेत तर दोन्ही ९१ च्या घरात जातील. दोनपैकी एकच हलला तर समजा, पॉवरने एकाच बाजूचं भलं केलं.

पण एकट्या `rssi` वर विसंबू नका, त्यातून `noise` वजा करा. ५०० मीटरवर `rssi` ८० आणि `noise` ४५ असेल तर फरक ३५, म्हणजे साधारण १८ डेसिबल. अंतर दुप्पट झालं की ११ आकडे कमी होतात. १ किलोमीटरला फरक २४ राहील, २ किलोमीटरला १२-१३. दहा डेसिबल राखायचे, म्हणजे १९ आकडे हवेत, तेव्हा हा संच किलोमीटरला ठीक आणि दोनला नाही. पुस्तकी संवेदनशीलतेपेक्षा या वजाबाकीवर माझा जास्त भरवसा, कारण तिच्यात आजूबाजूचा गोंगाट आलेला असतो. आणि तो ऐकण्यातही अँटेना निवडक असतो: मोबाइल टॉवरकडे पाठ करून यागी धरला की `noise` उतरतो. ड्रोनच टॉवरच्या दिशेला असेल तर गोंगाटही वाढून येतो आणि फायद्याचा काही भाग खाऊन टाकतो.

कायदा एकट्या पॉवरकडे पाहत नाही, दोघांचा मिळून हिशेबही धरतो. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवर विनापरवाना १ वॅट ट्रान्समीटर आणि अँटेनासकट ४ वॅट ईआरपी अशी मर्यादा आहे. ईआरपी साध्या डायपोल अँटेनाच्या तुलनेत मोजतात. त्याच्या तुलनेत ६ डेसिबल गेन म्हणजे चौपट, तेव्हा १ वॅटला असा अँटेना लावलात की मर्यादा बरोबर संपली. पॉवर १०० मिलीवॅटच ठेवली तर अँटेनासाठी हात मोकळा राहतो.

उसाच्या शेताजवळ उभं राहून उडवता तेव्हा एक तिसरी गोष्ट या दोघांवर मात करते. दोन किलोमीटरच्या लिंकमध्ये मध्यावर ८६६ मेगाहर्ट्झच्या लहरीला सरळ रेषेभोवती सुमारे १३ मीटर त्रिज्येची मोकळीक लागते. ड्रोन खाली उतरला आणि अँटेना तुमच्या कमरेइतक्या उंचीवर असला की ती मोकळीक जमिनीत आणि पानांत गाडली जाते, मग वरचं सूत्र फार आशावादी ठरतं. मित्राला मी ट्रान्समीटर घेऊ दिला नाही. चार मीटरच्या बांबूवर पॅच आणि रिसीव्हर चढवले, तिथून स्क्रीनपर्यंत व्हिडिओची वायर सोडली. अँटेनाची लांब वायर खाली आणली असती तर ५.८ गिगाहर्ट्झवर तिनेच मिळवलेले डेसिबल गिळले असते.