एएचए कोरड्या त्वचेला आणि बीएचए तेलकट त्वचेला: ही विभागणी आली कुठून

आज कुठलंही एक्सफोलिएटिंग सीरम हातात घेतलं की त्यावर ग्लायकोलिक, लॅक्टिक किंवा सॅलिसिलिक यांपैकी एखादं नाव दिसतं. पहिली दोन एएचए, म्हणजे अल्फा हायड्रॉक्सी ॲसिड, या गटातली; सॅलिसिलिक हे बीएचए, म्हणजे बीटा हायड्रॉक्सी ॲसिड. सोबत सल्लाही ठरलेला असतो: कोरड्या त्वचेला एएचए, तेलकट त्वचेला बीएचए, आठवड्यातून दोन-तीनदा. सल्ला बराचसा बरोबर आहे, पण तो असाच का, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याचं उत्तर या दोन ॲसिडांच्या इतिहासात आहे. दोन्ही वेगवेगळ्या रोगांवरची औषधं म्हणून त्वचाविज्ञानात आली आणि त्या वेळी त्यांची जी कामं होती, तीच थोड्या सौम्य रूपात ती आजही करतात.

दोघांपैकी सॅलिसिलिक ॲसिड कितीतरी जुनं. विलोच्या सालीतल्या सॅलिसिनपासून ते रफाएले पिरिया या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने 1838 मध्ये मिळवलं. पुढे हेर्मान कोल्बे यांनी ते फिनॉलपासून कृत्रिमरीत्या बनवण्याची पद्धत बसवली आणि 1874 मध्ये ड्रेस्डेनला त्याचं कारखान्यात उत्पादन सुरू झालं. साल सोलून औषध काढायची गरज संपली, ते स्वस्त झालं, मुबलक झालं. त्वचेच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचायला मग वेळ लागला नाही. हॅम्बुर्गचे पाऊल गेर्सन उन्ना यांनी 1882 मध्ये सॅलिसिलिक ॲसिड, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड त्वचेवर काय करतात याचं वर्णन केलं. आजच्या केमिकल पीलची सुरुवात साधारण तिथून धरतात. कुरूप, चामखीळ, घट्ट जाड झालेली टाच अशा ठिकाणी सॅलिसिलिक ॲसिड वरचा थर मऊ करून सोडवतं, हे तेव्हापासून माहीत आहे. आजही कुरूपाच्या पट्टीत तेच असतं, फक्त 40 टक्क्यांपर्यंत.

मुरमांवर ते चालण्याचं कारण त्याच्या रेणूत आहे. सॅलिसिलिक ॲसिड पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात मात्र सहज मिसळतं. मुरूम सुरू होतो तो रोमरंध्राच्या आत. तिथे तेल साचलेलं असतं आणि रंध्राच्या भिंतीवरून सुटलेल्या मृत पेशी त्या तेलात चिकटून बूच तयार होतं. पाण्यात विरघळणारा पदार्थ या तेलकट जागेत नीट शिरत नाही. सॅलिसिलिक ॲसिड शिरतं आणि आतल्या पेशींमधली पकड सैल करतं. ब्लॅकहेड आणि बंद बारीक पुटकुळ्यांवर ते उपयोगी पडतं ते यामुळेच. शिवाय ॲस्पिरिनशी त्याचं जवळचं नातं असल्यामुळे ते दाहही थोडा कमी करतं, म्हणून लालसर मुरमांवरही सुसह्य ठरतं. अमेरिकेच्या एफडीएने 1991 मध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या मुरमांच्या औषधांचे नियम ठरवले, तेव्हा सॅलिसिलिक ॲसिडसाठी 0.5 ते 2 टक्के ही मर्यादा घातली. आज बीएचएच्या बाटल्यांवर जो 2 टक्क्यांचा आकडा सतत दिसतो, त्याचं मूळ मुख्यतः तिथे आहे.

एएचएची गोष्ट निराळ्या टोकाला सुरू होते. लॅक्टिक ॲसिड कार्ल विल्हेल्म शेले यांनी 1780 मध्ये आंबलेल्या दुधातून वेगळं केलं होतं, पण त्वचाविज्ञानाने त्याला गांभीर्याने हात लावला तो जवळपास दोन शतकांनी. फिलाडेल्फियात यूजीन व्हॅन स्कॉट हे त्वचारोगतज्ज्ञ आणि रुई यू हे रसायनशास्त्रज्ञ इक्थायोसिसवर काम करत होते. या विकारात त्वचेवर माशाच्या खवल्यांसारखे जाड, कोरडे पापुद्रे साचत जातात, कारण मृत पेशी वेळेवर गळून पडत नाहीत. त्यांनी साठहून अधिक पदार्थ लावून पाहिले. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मॅलिक, सायट्रिक, टार्टरिक अशा, एकाच धर्तीची रचना असलेल्या ॲसिडांनी खवले सुटले आणि खालून बऱ्यापैकी गुळगुळीत त्वचा दिसू लागली. 1974 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माझ्या मते या विषयातली ही सर्वांत महत्त्वाची घटना आहे, कारण सौंदर्यप्रसाधनांतल्या एएचएचा सगळा पसारा त्या खवल्यांवरच्या उपचारातून फुटला.

1984 मध्ये त्याच दोघांनी ही ॲसिडं नेमकं कुठे काम करतात यावर लिहिलं. त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत थर पेशींच्या अनेक रांगांचा असतो. सॅलिसिलिक ॲसिड मुख्यतः वरून खाली असा तो थर विरळ करतं. एएचए मात्र या थराच्या तळाशी, जिथे तो नुकताच तयार होत असतो, तिथल्या नव्या पेशींना एकमेकींना घट्ट चिकटू देत नाही. म्हणून इक्थायोसिसच्या रुग्णांमध्ये खवला भुग्यासारखा न झडता तळातून सुटून आख्खा निघायचा. आजच्या वापरात याचा अर्थ इतकाच की एएचएचा परिणाम लगेच दिसत नाही. पहिल्या रात्रीनंतर त्वचा मऊ लागते ती बहुतेक वेळा क्रीममधल्या इतर घटकांमुळे. पोत खरोखर बदलायला त्वचेच्या नूतनीकरणाचं एक चक्र, म्हणजे साधारण चार आठवडे, जावे लागतात. आठवड्याभरात काही दिसलं नाही म्हणून रोज दोनदा लावायला सुरुवात करणं, ही इथली नेहमीची चूक.

कोरड्या त्वचेला एएचए जुळतात याचं दुसरं कारण लॅक्टिक ॲसिडमध्ये ठळक दिसतं. लॅक्टिक ॲसिडचे क्षार आपल्या त्वचेच्या नैसर्गिक ओलावा धरून ठेवणाऱ्या मिश्रणाचा भाग आहेत, म्हणजे ते पापुद्रे सोडवतं आणि पाणीही धरून ठेवतं. 12 टक्के अमोनियम लॅक्टेटचं लोशन अमेरिकेत 1985 मध्ये औषध म्हणून मंजूर झालं आणि कोरड्या, खवलेदार त्वचेसाठी आजही वापरात आहे. ग्लायकोलिक हा या गटातला सर्वांत छोटा रेणू. तो पटकन आणि खोल शिरतो, म्हणून परिणामही जास्त आणि चुरचुरही जास्त. याच गटातल्या मँडेलिकचा रेणू जवळपास दुप्पट वजनाचा, हळू शिरतो. कोरडी आणि नाजूक अशी दोन्ही लक्षणं असतील तर मी सुरुवात लॅक्टिकपासून करायला सांगेन, ग्लायकोलिकपासून नाही.

किती वेळा लावायचं, हा प्रश्न बाटलीवरच्या टक्केवारीने सुटत नाही. ॲसिडचा जो भाग मुक्त, म्हणजे उदासीन न झालेला असतो, तोच मुख्यतः आत शिरतो आणि तो किती आहे हे पीएचवर ठरतं. 10 टक्के ग्लायकोलिकचं उदाहरण घेऊ. पीएच 3.8 असेल तर त्यातलं निम्मं, म्हणजे सुमारे 5 टक्के, मुक्त असतं. तेच 10 टक्के पीएच 4.8 ला ठेवलं तर जेमतेम 1 टक्का मुक्त उरतं. आणि पीएच 2.8 केला तर 9 टक्क्यांच्या वर. तिन्ही बाटल्यांवर आकडा सारखाच, त्वचेवरचा अनुभव मात्र एकदम वेगळा. 1990 च्या दशकात एएचए सगळीकडे पसरले आणि जळजळीच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा अमेरिकेतल्या सौंदर्यप्रसाधन घटकांच्या तज्ज्ञ समितीने घरगुती वापरासाठी 10 टक्क्यांपर्यंत आणि पीएच 3.5 च्या खाली नको, अशी शिफारस केली. प्रशिक्षित व्यक्तीने लावून लगेच धुवायच्या पीलसाठी 30 टक्के आणि पीएच 3.0 ची सूट ठेवली. त्यामुळे घरच्या घरी 30 टक्क्यांची बाटली वापरायचा मोह होत असेल, तर ती मर्यादा कोणासाठी होती हे आधी लक्षात घ्यावं.

आता एक नेमकी केस बघू. कपाळ, नाक आणि हनुवटी तेलकट, नाकावर ब्लॅकहेड, आणि गालांवर मात्र फेसवॉशनंतर ताणल्यासारखं वाटतं, कडेला पांढरट पापुद्रे दिसतात. असा मिश्र चेहरा सर्वांत जास्त आढळतो आणि सर्वांत जास्त बिघडतोही, कारण पूर्ण चेहऱ्यावर एकच ॲसिड चोपडलं जातं. इथे 2 टक्के सॅलिसिलिक फक्त मधल्या तेलकट भागाला लावावं, सुरुवातीला दोन रात्री सोडून एक रात्र. गालांना 5 टक्क्यांच्या आसपासचं लॅक्टिक, आठवड्यातून एकदा, आणि सॅलिसिलिकची रात्र टाळून. चेहरा धुऊन पूर्ण कोरडा होऊ द्यावा, मग ॲसिड, थोड्या वेळाने साधं मॉइश्चरायझर. चार आठवडे काहीच त्रास झाला नाही तर मधला भाग एक दिवसाआड, गाल आठवड्यातून दोनदा. पूर्ण तेलकट आणि जाड त्वचा काही वेळा सॅलिसिलिक रोजही सोसते. कोरड्या त्वचेला आठवड्यातून दोन, फार तर तीन रात्रींपलीकडे जाण्याची गरज क्वचितच पडते. फेसवॉशमधलं ॲसिड मिनिटभरात धुतलं जातं, त्यामुळे त्याला हे गणित तसंच्या तसं लागू होत नाही.

जास्त झालंय हे कसं ओळखायचं? लावल्यावर मिनिटभर हलकं चुरचुरणं चालतं. पण नेहमीचं साधं मॉइश्चरायझर किंवा नुसतं पाणीही झोंबू लागलं, गालांवर तेल नसताना चकाकी आणि ताण दिसू लागला, तर बाहेरचा संरक्षक थर विरळ झालेला आहे. बरेच जण ही चकाकी ‘ग्लो’ समजून प्रमाण आणखी वाढवतात. अशा वेळी सगळी ॲसिडं, रेटिनॉल आणि स्क्रब दोन-तीन आठवडे पूर्ण बंद. सावळ्या आणि गडद त्वचेत तर हे फार जपावं, कारण तिथे जळजळ ओसरली तरी मागे काळपट डाग राहतो आणि तो जायला महिने लागतात. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी सॅलिसिलिक टाळावं. गरोदरपणात ते अंगाच्या मोठ्या भागावर किंवा पीलच्या रूपात नको.

उन्हाचा मुद्दा सर्वांत शेवटी नियमात आला. एएचए लावलेली त्वचा अतिनील किरणांना जास्त संवेदनशील होते, हे अभ्यासांत दिसल्यावर एफडीएने 2005 मध्ये अशा प्रसाधनांवर उन्हाचा इशारा छापण्याची सूचना केली. ही वाढलेली संवेदनशीलता वापर थांबवल्यावर साधारण आठवड्यात ओसरते, म्हणून त्या इशाऱ्यात वापर चालू असताना आणि नंतरही एक आठवडा सनस्क्रीन आणि अंग झाकणारे कपडे वापरायला सांगितलेलं आहे. आठवड्यातून फक्त दोन रात्री लावणाऱ्यांचाही त्यामुळे मधला एकही दिवस सनस्क्रीनशिवाय जाता कामा नये.