उघडलेल्या प्युरिफायरच्या छायाचित्रावरून फिल्टर व मेम्ब्रेन ओळखणे

घरगुती जलशुद्धीकरण यंत्राचे झाकण काढून घेतलेल्या छायाचित्रावरून आत कोणता फिल्टर आणि कोणत्या आकाराचा मेम्ब्रेन आहे हे ठरवण्याची पद्धत. सुटा भाग मागवताना किंवा मेकॅनिकला दुरून विचारताना तिचा उपयोग होतो. भिंतीवर टांगायच्या आरओ यंत्रांत गाळ अडवणारा सेडिमेंट, कार्बन आणि यूएफ म्हणजे अल्ट्राफिल्ट्रेशन हे तिन्ही फिल्टर बहुधा सारख्याच पांढऱ्या नळकांड्यांत येतात. नळ्यांच्या रंगाचा ठरलेला नियम नाही, आणि स्टिकर जुन्या भागाचे असू शकते. म्हणून आधी नळ्या मोजाव्यात, मग स्टिकर वाचावे.

ज्या नळकांड्याला तीन नळ्या जोडलेल्या दिसतात, ते आरओ मेम्ब्रेनचे हाउसिंग. त्याच्या एका टोकाला फिरवून उघडणारे झाकण असते आणि तिथून पाणी आत शिरते. दुसऱ्या टोकाला दोन तोंडे असतात: मधल्या तोंडातून शुद्ध पाणी येते, बाजूच्या तोंडातून क्षार वाहून नेणारे पाणी निचऱ्याकडे जाते. साध्या फिल्टरला आत येणारी एक आणि बाहेर जाणारी एक अशा दोनच नळ्या लागतात. चकचकीत स्टीलच्या नळीच्या टोकांना विजेच्या तारा असतील तर तो यूव्ही कक्ष होय.

बोअरवेलचे पाणी वापरणाऱ्या घरातल्या यंत्राचे एक छायाचित्र घेऊ. वर एक आडवे आणि खाली तीन उभी नळकांडी दिसतात. आडव्याला झाकण व तीन नळ्या आहेत, म्हणजे मेम्ब्रेन तेच. त्याच्या झाकणाकडून मागे जात नळीचा माग काढला की पंप आणि दोन उभे फिल्टर लागतात. ते सेडिमेंट आणि कार्बन असणार, कारण गाळाने मेम्ब्रेन तुंबतो आणि पाण्यातल्या क्लोरीनमुळे तो खराब होतो; दोन्ही आधीच अडवावे लागतात. त्यांतला कोणता कोण, हे मात्र कवचावरच्या अक्षरांवरूनच कळते. मधल्या तोंडातून निघालेली नळी चौथ्या नळकांड्यात शिरते. ते पोस्ट कार्बन असेल किंवा यूएफ. कवच पारदर्शक असून आत शेवयांसारखे पांढरे तंतू दिसले तर यूएफ, काळे दाणे दिसले तर कार्बन. कवच अपारदर्शक असेल तर इथे अंदाज बांधू नये, स्टिकरचा जवळून घेतलेला फोटो मागवावा.

यूएफला मेम्ब्रेन म्हणतात, म्हणून त्याला आरओ समजण्याची चूक बरीच होते, आणि ती महागात पडते. यूएफ जिवाणू आणि बारीक गाळ अडवतो, पण विरघळलेले क्षार त्यातून पार होतात. बोअरवेलच्या खारट पाण्याची चव त्याने बदलत नाही. टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, कमीजास्त करणारा अॅडजस्टर असलेल्या काही यंत्रांत तर यूएफ हा आरओ मेम्ब्रेनला वळसा घालणाऱ्या नळीवरही असतो, त्यामुळे केवळ जागा पाहून त्याची ओळख पटत नाही.

मेम्ब्रेनचा आकार हाउसिंगच्या बाहेरून अर्धाच कळतो. घरगुती यंत्रांत सर्रास आढळणारा आकार १८१२, म्हणजे सुमारे १.८ इंच व्यास आणि १२ इंच लांबी. दिवसाला ५०, ७५ आणि १०० गॅलन क्षमतेचे मेम्ब्रेन याच आकारात येत असल्याने क्षमता जाणून घ्यायला झाकण उघडून आतल्या मेम्ब्रेनवरचे लेबल पाहावे लागते. त्यावर `TW30-1812-75` किंवा `ULP1812-75` असे काही छापलेले असते. त्यातला शेवटचा आकडा गॅलनचा.

निचऱ्याच्या नळीवरचा छोटा एफआर, म्हणजे प्रवाह रोखणारा भाग, इथे पडताळणीला कामी येतो. ७५ गॅलन म्हणजे दिवसाला सुमारे २८४ लिटर, मिनिटाला साधारण २०० मिलिलिटर. एफआरवर ४५० छापले असेल तर मिनिटाला सुमारे तेवढे मिलिलिटर पाणी निचऱ्यात जाते, म्हणजे शुद्ध पाण्याच्या सव्वादोनपट. ७५ गॅलनच्या मेम्ब्रेनशी हे जुळते. तरी एफआर हा पुरावा नव्हे, इशारा आहे. आधीच्या दुरुस्तीत कोणी हाताशी होता तो बसवलेला असू शकतो.

छायाचित्र समोरून, सरळ आणि नळ्या न काढता घ्यावे. माप घेण्याची पट्टी नळकांड्याला लावूनच धरावी. मागच्या भिंतीला टेकवली तर पुढचा भाग मोठा भासतो आणि मोजमाप चुकते. बाणाची दिशा आणि नळीची जोडणी, म्हणजे आट्यांची की नुसती ढकलून बसणारी, स्पष्ट दिसली पाहिजे. काही कंपन्यांची कार्ट्रिज फिरवून बसवायची आणि बंद कवचाची असतात. तिथे नळ्या मोजून काही हाती लागत नाही. कार्ट्रिज काढून तिच्या मानेचा, तिथल्या खाचांचा आणि रबरी कड्यांचा वेगळा फोटो घ्यावा लागतो, कारण व्यास आणि लांबी जुळूनही खाच वेगळी निघाली तर कार्ट्रिज बसत नाही.