‘हा अंतिम सामनाच आहे ना?’

13 जुलै 2014, रिओचं माराकाना मैदान. जर्मनी आणि अर्जेंटिना यांच्यातला फुटबॉल विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू होता. जर्मनीच्या ख्रिस्टोफ क्रामरला ऐनवेळी संधी मिळाली होती, कारण सराव करताना सामी खेदिराच्या पोटरीला दुखापत झाली होती. सतराव्या मिनिटाच्या सुमाराला अर्जेंटिनाच्या गाराईचा खांदा क्रामरच्या चेहऱ्यावर जोरात आदळला आणि तो कोसळला. थोड्या वेळाने उठला, तपासणी झाली आणि तो परत खेळू लागला.

काही मिनिटांनी तो पंच निकोला रिझोली यांच्याजवळ गेला आणि त्यांना विचारलं, हा अंतिम सामनाच आहे ना? रिझोलींना आधी ती थट्टा वाटली. पण तो खरंच विचारत होता. रिझोलींनी ते क्रामरचा सहकारी श्वाइनश्टायगर याच्या कानावर घातलं आणि एकतिसाव्या मिनिटाच्या आसपास क्रामरला बाहेर नेलं. म्हणजे मार लागल्यानंतर जवळपास पाव तास तो धावत होता, पास देत होता. पुढे त्याने सांगितलं, की पहिला अर्धा भाग त्याला आठवतच नाही. आपण धडकेनंतर लगेच बाहेर आलो, अशीच त्याची समजूत होती.

मला या प्रसंगातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही, की त्याचे पाय व्यवस्थित चालत होते. बघणाऱ्याला तो ठीकच वाटला असणार.

मेंदूला बसलेल्या अशा मुक्या माराला कन्कशन म्हणतात. मेंदू मऊ असतो आणि कवटीत द्रवाने वेढलेला असतो. डोक्याला जोरात हिसका बसला, विशेषतः मान गर्रकन वळली, की मेंदूतले बारीक तंतू ताणले जातात. पेशींच्या आत-बाहेरच्या क्षारांचं गणित बिघडतं, पोटॅशियम बाहेर पडतं आणि कॅल्शियम आत घुसतं. ते पूर्ववत करायला पेशींना एकाएकी भरपूर ऊर्जा लागते आणि नेमका त्याच काळात मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. इथे काही तुटलेलं नसतं, बिघाड कामात असतो. म्हणून सीटी स्कॅन बहुतेक वेळा स्वच्छ येतो, आणि ‘स्कॅन नॉर्मल आहे’ एवढ्यावर कन्कशन नाही असं म्हणता येत नाही.

शुद्ध हरपली तरच कन्कशन, हा समज तर सोडूनच द्यावा. बहुसंख्य खेळाडू शुद्धीवरच असतात. मैदानाबाहेरून दिसणाऱ्या खुणा अशा: पडल्यावर हालचाल न करणं, सावकाश उठणं, झोक जाणं, शून्यात बघत राहणं, आपली जागा सोडून भलतीकडे उभं राहणं. खेळाडू स्वतः डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, उजेड सहन होत नाही, धुक्यात असल्यासारखं वाटतंय, असं सांगतो. कधी विनाकारण चिडतो किंवा रडू लागतो.

त्याला काही साधे प्रश्न विचारावेत. आपण कुठल्या मैदानावर आहोत? हा पहिला अर्धा भाग की दुसरा? शेवटचा गोल कोणी केला? मागचा सामना कोणाशी होता? त्यात जिंकलो का? ‘तुझं नाव काय’ विचारून फारसा उपयोग नाही, कारण नाव गोंधळलेल्या माणसालाही आठवतं. वरच्यापैकी एक उत्तर चुकलं तरी त्याला बाहेर काढावं. सगळी बरोबर आली, पण वरची एखादी खूण दिसली, तरीही काढावं. डॉक्टरांची पूर्ण तपासणी दहा-पंधरा मिनिटं तरी घेते, ती सामना थांबवून मैदानात होत नाही.

‘आता बरं वाटतंय, जाऊ दे ना सर’ असं तो म्हणेलच. पण बरं वाटतंय की नाही हे ठरवणारा अवयवच दुखावलेला आहे. शिवाय लक्षणं काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही उमटतात. त्याची नजर आणि प्रतिक्रिया मंदावलेली असते, त्यामुळे पुढची धडक त्याला चुकवता येत नाही. आणि ऊर्जेचा तुटवडा सोसणाऱ्या पेशींवर दुसरा मार बसला, तर बरं व्हायला आठवड्यांऐवजी महिने लागू शकतात. क्वचित, बहुतेक करून कोवळ्या वयात, मेंदूला झपाट्याने सूज येऊन जीवही जातो. म्हणून फुटबॉलच्या नियमांत आता स्पर्धांना कन्कशनसाठी जादा बदली खेळाडूची मुभा आहे. नेहमीच्या बदल्यांत ती मोजली जात नाही, मात्र बाहेर गेलेला त्या सामन्यात परत येत नाही.

कोल्हापुरातल्या तालमींचा फुटबॉल सामना असो की शाळेचा, बाजूला डॉक्टर नसेल तर शंका आली एवढंच कारण पुरे. त्या मुलाला एकटं सोडू नये, गाडी चालवू देऊ नये. डोकेदुखी वाढत गेली, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, आकडी आली, मान दुखू लागली, हातपाय लुळे वाटले, एकाचे दोन दिसू लागले किंवा तो जास्तच गुंगू लागला, तर सरळ रुग्णालय गाठावं. यातलं काही नसेल तर पहिले एक-दोन दिवस हलकी हालचाल आणि मोबाइल कमी. मग चालणं, हळू धावणं, चेंडूचा एकट्याने सराव, अशी एकेक पायरी, प्रत्येकीला किमान एक दिवस. त्रास वाढला तर एक पायरी मागे. अंगाला अंग भिडणारा सराव सगळी लक्षणं गेल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.